बुडाला लागलेली खरवड आणि गॅसचं बटण

पॅनमधून चिकन उचललं की बहुतेक जण ताटाकडे वळतात. कोथिंबीर कुठे आहे ते बघतात, पोळ्या गरम आहेत का विचारतात, आणि मागे रिकामा पॅन मोठ्या गॅसवर तसाच तापत राहतो. त्याच एका मिनिटात सॉस बिघडतो. पुढे कितीही चांगली वाइन घाला, लोणी घाला, क्रीम ओता, तो कडूच लागणार. मी हे पाहुण्यांसमोर शिकलो. क्रीम ओतून काळेपणा झाकायचा प्रयत्न केला आणि राखाडी रंगाचा, जळकट चवीचा एक वाडगा टेबलावर ठेवला. पाहुणे भले होते, त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला.

मांस पॅनमध्ये कडक भाजायचं, ते काढलं की बुडाला चिकटलेला तपकिरी थर थोड्या द्रवात सोडवून घ्यायचा, तो द्रव आटवायचा आणि त्याचाच सॉस करायचा, ही फ्रेंच स्वयंपाकातली अगदी रोजची रीत. हॉटेल मॅनेजमेंट शिकलेली मुलं याला डीग्लेझिंग म्हणतात. त्या तपकिरी थराला ती फॉण्ड म्हणतात, तर फ्रेंच माणूस त्यालाच ‘स्युक’ म्हणेल आणि ‘फाँ’ म्हणजे त्याच्या लेखी स्टॉक. या नावांच्या गोंधळात न पडता मी त्याला सरळ खरवड म्हणतो. दुधाच्या पातेल्याची खरवड लहानपणी चमच्याने खरवडून खाल्लेल्या माणसाला बुडाला लागलेल्या गोष्टीत चव असते हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्याकडेही याची एक चुलत रीत आहेच. मटणाचा मसाला परतताना तो बुडाला धरायला लागला की आई म्हणायची, ‘हबका मार पाण्याचा.’ हातात घेतलेलं पाणी चर्र करून कढईत पडायचं, लागलेलं सुटायचं, मसाल्यात मिसळायचं आणि पाणी उडून गेलं की परतणं पुन्हा सुरू व्हायचं. असं चार-पाच वेळा. फ्रेंच पद्धतीत हा हबका एकदाच मारतात, पण मोठा, आणि त्यानंतर परत भाजणं नाही. तो एकच असल्यामुळे त्याची वेळ साधावी लागते.

आता ही खरवड असते काय? चिकन गरम धातूवर ठेवलं की त्यातून रस सुटतो. त्या रसातलं पाणी क्षणात उडतं, आणि त्यात विरघळलेली प्रथिनं, थोडी साखर आणि क्षार धातूवर वाळून चिकटतात. पाणी गेल्यावर तापमान शंभर अंशांच्या वर चढतं आणि साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनांचे घटक आणि साखर यांच्यात एक रासायनिक प्रक्रिया झपाट्याने होऊ लागते. लुई कामी मायार नावाच्या फ्रेंच संशोधकाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार प्रक्रिया. पावाचा कडक कवच, भाजलेले शेंगदाणे, कॉफीच्या बिया, सगळ्यांचा खमंगपणा तिथलाच.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घेण्यासारखी आहे. ही खरवड मुळात मांसाच्या पाणीदार रसाची बनलेली, म्हणून ती पाण्यात विरघळते, तेलात नाही. दहा मिनिटं ती तेलात तळली जात असते तरी जागची हलत नाही, आणि अर्धी वाटी पाणी पडलं की तीस सेकंदांत सुटते. दुसरं म्हणजे पाणी हा ब्रेक आहे. पॅनमध्ये पुरेसं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभरच्या फार वर जाऊ शकत नाही, त्यामुळे भाजणं थांबतं. म्हणजे द्रव ओतायच्या क्षणी खरवडीचा जो रंग आणि जी चव असेल, तीच सॉसला मिळणार. नंतर ती खमंगही होत नाही आणि करपलेली असेल तर दुरुस्तही होत नाही.

म्हणून या सगळ्या खटाटोपात सॉसची कृती पाठ असण्यापेक्षा हात गॅसच्या बटणावर असणं महत्त्वाचं. बटण चार वेळा फिरतं: भाजताना मध्यमच्या जरा वर, मांस काढताक्षणी बारीक, द्रव पडल्यावर मोठं, आणि लोणी घालायच्या आधी बंद. हे चार टप्पे एका साध्या उदाहरणावर बघू. दोन माणसांसाठी दोन बोनलेस चिकन ब्रेस्ट, प्रत्येकी साधारण १८० ग्रॅम.

चिकन विकत घेताना दुकानदाराला हाडं टाकू नका म्हणून सांगा. ब्रेस्ट काढून उरलेला सांगाडा घरी आणून दीड-दोन तास मंद शिजवला की स्टॉक तयार, आणि त्याचं काय महत्त्व ते पुढे येईलच. ब्रेस्टचा जाड भाग प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून लाटण्याने ठोकून सगळीकडे सारखा, दोन सेंटिमीटरच्या आसपास करून घ्या. दोन्ही बाजूंना मीठ लावून फ्रिजमध्ये तासभर उघडंच ठेवा आणि भाजायच्या आधी कागदाने किंवा फडक्याने टिपून खडखडीत कोरडं करा. ओलं चिकन पॅनमध्ये गेलं की त्याचं पाणी उडेपर्यंत ते वाफवलं जातं, भाजलं जात नाही, आणि खरवड धरत नाही.

फक्त मीठ. हे मी ठासून सांगतो, कारण आपला हात आपोआप हळद-तिखटाच्या डब्याकडे जातो. आलं-लसणाचं वाटण, तिखट, दही, साखर हे सगळं मांसाच्या रसापेक्षा आधी करपतं. मसाला लावलेलं चिकन पॅनमध्ये भाजलंत तर बुडाला जे लागतं ते मसाल्याचं जळकं असतं, मांसाची खरवड नाही. तशा चिकनला तंदूर चांगला, नाहीतर रस्सा. या सॉसच्या वाटेला त्याने जाऊ नये. मिरपूडसुद्धा नंतर घाला.

पॅन स्टीलचा, जाड बुडाचा. आतून चकचकीत पांढरा असला तर उत्तम, कारण रंग दिसतो. नॉनस्टिकवर काही चिकटत नाही हाच तर त्याचा गुण, मग खरवड कुठून येणार? बिडाचा तवा भाजायला झकास, पण त्याच्या काळ्या बुडावर खरवड तपकिरी आहे की काळी हे कळत नाही, आणि वाइन किंवा लिंबू त्यात आटवलं की लोखंडाची चव उतरते. साध्या, लेप नसलेल्या ॲल्युमिनियमचंही आंबटाशी जमत नाही. मापाचाही विचार करा. दोन ब्रेस्टना २६ सेंटिमीटरचा पॅन बेताचा. फार मोठा घेतला तर दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत वाहून गेलेला रस उघड्या धातूवर करपतो. फार लहान घेतला तर तुकडे एकमेकांना चिकटून पाणी सोडत बसतात.

पॅन कोरडाच मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. थेंब फसफसून विरला तर पॅन अजून थंड आहे. थेंब पाऱ्याच्या गोळीसारखा इकडून तिकडे धावू लागला तर पॅन तयार. त्या थेंबाखाली त्याच्याच वाफेची एक पातळ गादी तयार झालेली असते आणि तो त्या गादीवर तरंगतो. योहान लायडेनफ्रॉस्ट या जर्मन डॉक्टरने १७५६ मध्ये हे नोंदवलं. पॅन दोनशे अंशांच्या आसपास गेल्याची ही खूण. हा थेंब लक्षात ठेवा, तो परत लागणार आहे.

आता एक मोठा चमचा तेल, रिफाइंड शेंगदाण्याचं चालेल. लोण्यात भाजू नका, त्यातले दुधाचे कण लगेच काळे होतात. चिकन ठेवा आणि हात लावू नका. सुरुवातीला ते बुडाला घट्ट धरतं, पाचेक मिनिटांनी खालून तपकिरी झालं की आपणहून सुटतं. उलटा, आणखी चार-पाच मिनिटं. थर्मामीटर असेल तर मधोमध ७४ अंश हवेत. नसेल तर जाड भागात सुरीचं टोक घालून बघा, रस गुलाबी नाही ना.

चिकन भाजत असताना बूड इतकं पटकन का करपत नाही? कारण मांस सतत पाणी सोडतं आणि ते पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. मांस हाच तोवरचा ब्रेक. तुम्ही चिकन उचललंत की ब्रेक निघाला. गॅस तेवढाच, पण उष्णता घेणारं काही नाही, आणि पॅनचं तापमान सरसर चढतं. बुडाला आता पातळ वाळलेला थर तेवढा आहे. तो करपायला पूर्ण मिनिटही लागत नाही. म्हणून चिकन उचलणारा हात चिमट्यावर आणि दुसरा बटणावर. चिकन ताटात, गॅस बारीक, मग बाकी सगळं. पॅन फार जाड असेल तर तो साठवलेली उष्णता बराच वेळ सोडत राहतो, तेव्हा तो अर्धा मिनिट शेगडीवरून उचलून शेजारी ठेवलेला बरा.

या क्षणी खाली वाकून रंग बघा. माझं मोजमाप आपल्या डब्यांमधलंच आहे. मधाचा रंग असेल तर खरवड कोवळी आहे, सॉस सौम्य होईल. चिक्कीच्या पाकाचा रंग आला असेल तर नेमकी जमली. काकवीइतकी गडद असेल तर शेवटची संधी, ताबडतोब द्रव ओता. त्यापुढे कोळसा. पॅनभर एकसारखा रंग क्वचितच असतो. गॅसच्या ज्वाळेचं कडं जिथे लागतं तिथे गडद आणि कडेला फिकट असं बहुधा असतं, आणि एक-दोन काळे ठिपके असले तर फार बिघडत नाही. पण वर्तुळच्या वर्तुळ काळं झालं असेल आणि नाकाला जळका वास येत असेल, तर वाइनची बाटली उघडण्याआधी एक करा. त्या काळ्या भागावर चमचाभर पाणी टाका, लाकडी उलथन्याने घासा आणि ते पाणी चमच्यात घेऊन, फुंकून चाखा. कडू लागलं तर पॅन पुसून टाका आणि आज चिकनवर नुसतं लिंबू पिळा. कडूपणा साखरेने, क्रीमने किंवा आशेने जात नाही.

पॅनमध्ये साठलेलं तेल आता काढून टाका, अगदी चमचाभर राहू द्या. हे तेल सॉसमध्ये मिसळत नाही, वर तरंगतं. कोल्हापुरी रश्श्यावर तर्री आली की आपण खूश होतो, पण या सॉसवर आलेला तवंग म्हणजे चूक.

मग कांदा. दोन-तीन छोटे सांबार कांदे अगदी बारीक चिरून त्या चमचाभर तेलात, मंद आचेवर, एक मिनिट. कांद्यातलं पाणी सुटून खरवड हलकेच सैल व्हायला इथूनच सुरुवात होते, कांदा तपकिरी दिसू लागतो तो बराचसा तिच्यामुळे. लसूण घालायचा असेल तर शेवटच्या वीस सेकंदांत. या एका मिनिटाचा दुसरा फायदा म्हणजे पॅन तेवढ्यात निवतो.

किती निवायला हवा? तो थेंब आठवा. भाजायच्या आधी धावणारा थेंब हवा होता, आता नको आहे. चमच्यातून थेंबभर पाणी टाका, ते जागच्या जागी फसफसून विरलं तर द्रव ओतायची वेळ झाली. अजून धावत असेल तर दहा-पंधरा सेकंद थांबा. भडकलेल्या पॅनमध्ये थंड वाइन ओतली तर तेल-पाण्याचे शिंतोडे हातावर येतात, ओतलेल्यापैकी बरीचशी वाइन काम करायच्या आधीच वाफ होऊन जाते, आणि पातळ पॅनचं बूड एकदम आकसून वाकडं होतं. असा एक वाकडा पॅन आमच्याकडे आहे. त्यात तेल कायम एका बाजूला जमतं.

आणि पॅन फार थंड झाला असेल तर? काही बिघडत नाही. द्रव नुसता पसरून राहील, खरवड डिंकासारखी चिकट वाटेल, पण गॅस वाढवला की उकळी येताच सुटेल. गारपणाची चूक दुरुस्त होते, गरमपणाची होत नाही. शंका आली तर गार बाजूला चुका.

आता अर्धा कप, म्हणजे १२० मिली, कोरडी पांढरी वाइन. नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लाँने माझं काम होतं. गोड वाइन नको, आटल्यावर तिचा पाक होतो. वाइन ओतताना पॅन ज्वाळेवरून बाजूला घ्या आणि बाटलीतून थेट न ओतता वाटीत मोजून घ्या. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो, त्याची वाफ पॅनच्या कडेवरून खाली ज्वाळेपर्यंत गेली तर पॅनमध्ये भपकन जाळ होतो. वाइनने होतो तो लहान असतो. पण मिरी लावलेल्या बीफ स्टेकसाठी फ्रेंच बिस्त्रोमध्ये कोन्याक घालून जो क्रीम सॉस करतात, तिथे चाळीस टक्के मद्यार्क असतो आणि त्याचा जाळ भुवयांपर्यंत येतो. चिमणी चालू असेल तर तो वर जाळीतल्या तेलकट थरापर्यंतही ओढला जाऊ शकतो.

वाइन नको असेल तर स्टॉक आणि शेवटी लिंबू घेऊन सॉस उत्तम होतो. नुसतं पाणीही चालतं, कारण चव खरवडीत आहे, पाणी फक्त ती सोडवतं. मी एकदा कोकमाचं आगळ घालून बघितलं. रंग सुरेख आला, पण आगळात मुळात मीठ असतं आणि आटल्यावर तोंडात धरवेना. परत केलं तर आगळ शेवटी, चमचाभरच घालीन.

पॅन परत शेगडीवर, बारीक आचेवरच, आणि सपाट टोकाच्या लाकडी उलथन्याने बूड घासायला घ्या. जोर लावावा लागत नाही. पहिल्या पाच-दहा सेकंदांत द्रव गढूळ होतो, मग चहासारखा रंग चढतो, आणि उलथनं फिरलं तिथे खालून स्टील चमकू लागतं. अर्ध्या मिनिटात बूड स्वच्छ व्हायला हवं. कडेचा कोपरा, जिथे बूड संपून भिंत सुरू होते, तिथेही फिरवा.

बूड सुटलं की गॅस मोठा. इथे अनेकजण घाबरतात, आत्ता तर बारीक करायला सांगितलं होतं म्हणून. पण आता पॅनमध्ये पाणी आहे, ब्रेक लागलेला आहे, करपण्याची भीती नाही. मंद आचेवर आटवत बसलात तर पंधरा मिनिटं जातील आणि चिकन गार होईल. मोठ्या आचेवर १२० मिली वाइन दोन-तीन मिनिटांत दोन मोठ्या चमच्यांइतकी होते. वाइन आधी एकटी आटवायची आणि स्टॉक नंतर घालायचा. सगळं एकदम घातलं तर मद्यार्काचा आणि आंबटाचा कच्चेपणा सॉसमध्ये रेंगाळतो. नाक पॅनवर नेऊन बघा, नाकपुडीत झिणझिण्या आल्या तर अजून थोडं आटू द्या. मद्यार्क शंभर टक्के कधीच जात नाही, घरात कोणाला तो चालत नसेल तर पहिल्यापासूनच वाइन टाळा.

मग पाऊण कप, १८० मिली, स्टॉक. घरचा, बिनमिठाचा. बाजारच्या स्टॉक क्यूबने इथे बहुतेकांचा घात होतो. क्यूबचं पाणी सूप म्हणून प्यायला ठीक असतं, पण १८० मिलीचे ६० मिली झाले की पाणी जातं आणि मीठ सगळं तिथेच राहतं, म्हणजे खारटपणा तिप्पट. म्हणून शेवटपर्यंत मीठ घालू नका, आटल्यावर चाखून घाला. घरच्या स्टॉकचा दुसरा गुण म्हणजे हाडांतलं जिलेटिन. पाया सूप प्यायल्यावर ओठ एकमेकांना चिकटतात ना, तेच. त्याच्यामुळे सॉसला अंग येतं, तो चमच्याला धरतो. नुसत्या पाण्याचा सॉस चवीला चांगला असतो पण पातळच राहतो, कितीही आटवा. आणि मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावून तो दाट करण्याच्या मी विरुद्ध आहे, मग त्याची ग्रेव्ही होते.

आटण्याचे हे तीन-चार मिनिटं घड्याळापेक्षा बुडबुड्यांकडे बघा. सुरुवातीला ते लहान, घाईचे, पाणचट असतात आणि आवाज सळसळता असतो. सॉस दाट होऊ लागला की बुडबुडे मोठे, सावकाश आणि चकचकीत होतात, आवाज खाली उतरतो. उलथन्याने बुडावर एक रेघ ओढा. रेघ लगेच बुजली तर अजून आटवायचा आहे. एक-दोन क्षण स्टील दिसत राहिलं आणि मग सॉस सावकाश परत आला, तर झालं. या शेवटच्या मिनिटात नजर हटवू नका, कारण पाणी कमी झालं की ब्रेकही कमी झाला. कडेला चढलेला सॉसचा पापुद्रा आधी वाळतो आणि करपतो, तो उलथन्याने सारखा खाली ओढत राहा. एवढ्यात ताटातल्या चिकनखाली चमचाभर रस जमलेला असतो, तोही इथेच ओता. त्याने सॉस पातळ होतो, म्हणून आणखी वीस सेकंद.

गॅस बंद. खरंच बंद, बारीक नाही. उकळी बसायला अर्धा मिनिट द्या आणि फ्रिजमधून काढलेलं गार, बिनमिठाचं लोणी, साधारण २५ ग्रॅम, चार तुकडे करून एकेक घाला. एक तुकडा विरेपर्यंत पॅन गोल गोल हलवत राहा, मग दुसरा. लोण्यात स्निग्धांशाबरोबर पाणी आणि दुधाचे घटकही असतात. हळूहळू विरघळताना ते घटक तुपाच्या बारीक बारीक थेंबांना वेढून त्यांना सॉसमध्ये तरंगत ठेवतात, आणि सॉस दाट, मऊ, चमकदार होतो. उकळत्या सॉसमध्ये लोणी टाकलं तर हे थेंब फुटून एकत्र येतात आणि तवंग वर येतो. दुकानातलं पिवळं बटर बहुधा खारट असतं, त्यापेक्षा घरी सायीचं काढलेलं लोणी उजवं, फक्त ताक नीट धुऊन काढा आणि गार करून घ्या. तूप मात्र इथे चालत नाही. तूप कढवताना त्यातलं पाणी आणि दुधाचे घटक आपण काढूनच टाकलेले असतात. कितीही हलवा, ते वरच राहतं.

तवंग आलाच तर घाबरू नका. बहुतेक वेळा पाणी फार आटलेलं असतं. चमचाभर गरम पाणी घाला आणि गॅस न लावता फेटणीने जोरात फेटा, सॉस परत एकजीव होतो. क्रीमने सॉस करायचा असेल तर ते लोण्याऐवजी, आणि आंबट वाइन आधी नीट आटवून. आपल्याकडच्या पाकिटातल्या क्रीममध्ये साधारण २५ टक्के फॅट असतं. फ्रेंच क्रीमपेक्षा ते पातळ असल्यामुळे आंबटात जोराने उकळलं की फुटू शकतं, ते फक्त गरम करा.

आता चाखा, मीठ, ताजी मिरपूड, चार थेंब लिंबू. चिकन पाच-सात मिनिटं विसावलेलं असेल, आडवं कापा. सॉस ताटात आधी पसरून त्यावर चिकन ठेवा म्हणजे भाजलेली वरची बाजू मऊ पडत नाही. दोघांना मिळून सॉस चार-पाच मोठे चमचेच होतो आणि तेवढाच व्हायला हवा. तो वाढून झाला की लगेच खावा लागतो, थर्मासमध्ये ठेवण्याची किंवा नंतर उकळण्याची त्याची तयारी नसते. चुकून चमचाभर उरलाच आणि फ्रिजमध्ये गेला, तर सकाळी त्याची थरथरणारी जेली झालेली दिसेल. ती गरम टोस्टवर पसरून मी उभ्याउभ्याच खातो.